ब्लॉक रॅमचा डेटा एक घर पुढे सरकला असेल तर

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या मशीनसाठी एफपीजीएवर कंट्रोलर लिहिताना टेबलमधून वाचलेली किंमत शेजारच्या पत्त्याची निघत असेल, तर मेमरीला दोष देऊ नका. ब्लॉक रॅम पत्ता क्लॉकच्या कडेलाच उचलते. पहिल्या कडेनंतर तुम्ही पत्ता ५ लावला, तर रॅम तो दुसऱ्या कडेला घेते आणि डेटा त्यानंतर बाहेर येतो. त्याच दुसऱ्या कडेला डेटा वाचलात, तर हाती लागतो मागच्या पत्त्याचा.

आउटपुट रजिस्टर चालू केलं की आणखी एक सायकल जाते. तरी वेगवान क्लॉकवर मी ते चालूच ठेवतो: रॅममधून डेटा बाहेर पडायला वेळ लागतो, आणि पुढे लगेच गुणाकार असला तर टायमिंग तिथेच फसतं. मात्र व्हॅलिड सिग्नलही तितक्याच सायकल उशिरा द्यायला हवा:

```verilog
always @(posedge clk) begin
  v1 <= rd_en;
  v2 <= v1;
end
```

रजिस्टर नसेल तर `v1` वापरा, असेल तर `v2`. तपासायला सिम्युलेशनमध्ये प्रत्येक पत्त्यावर त्याचाच आकडा भरा आणि पत्ते क्रमाने वाचा. पत्ता ५ ला ४ आला, तर व्हॅलिड एक सायकल लवकर येतोय.