पुठ्ठ्याचं मखर आणि त्याचा दीड मिनिटाचा व्हिडिओ

गेल्या गणपतीत मी रद्दीच्या पुठ्ठ्याच्या मखराचा टाइम-लॅप्स करून घरच्या ग्रुपवर टाकला. तो बघून कळव्याच्या माझ्या धाकट्या जावेने एका दिवसात तसंच मखर केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. "ताई, तुमचं कसं ताठ उभं होतं, माझ्या मखराची पाठ तर धनुष्यासारखी वाकलीय." चूक माझीच होती. मखर वाळायला तीन रात्री लागल्या होत्या आणि व्हिडिओत त्या कुठेच नव्हत्या. टाइम-लॅप्समध्ये हात दिसतात, वाळणं दिसत नाही. म्हणून यंदा कृती आणि कॅप्शन दोन्ही एकत्र लिहिते आहे.

माप दहा इंची शाडूच्या मूर्तीचं आहे. मखराची रुंदी २४ इंच, उंची ३० इंच, खोली १२ इंच. त्यासाठी फ्रिज किंवा वॉशिंग मशीनचं एक मोठं खोकं लागतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आदल्या दिवशी सांगून ठेवलं की ते बाजूला काढून ठेवतात. शिवाय आठ-दहा दिवसांची वर्तमानपत्रं, दोन-तीन कोरे तपकिरी कागद, अर्धी वाटी मैदा, एक चमचा तुरटीची पूड, गेरू, खडूची पूड, कटर, पट्टी, पेन्सिल, दोन इंची ब्रश आणि कपडे वाळत घालायचे डझनभर चिमटे. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच, पण आपण सेलोटेप आणि चकचकीत कागदही बाजूलाच ठेवायचे. खोक्यावरची जुनी टेप आधी ओढून काढा. ती राहिली तर खळ तिच्यावर धरत नाही.

पुठ्ठा कापण्याआधी त्याची कड डोळ्यांजवळ धरून बघा. दोन कागदांच्या मध्ये बारीक नळ्या दिसतील. उभ्या भागात या नळ्या उभ्याच हव्यात. आडव्या आल्या तर पुठ्ठा स्वतःच्या वजनानेच मध्ये मोडतो. पाठ २४ बाय ३०, दोन बाजू प्रत्येकी १२ बाय ३०, छत २४ बाय १२. पुढची कमान पाठीएवढीच, पण तिच्यात १८ इंच रुंद दार कापायचं. आधी खालून १५ इंच दोन सरळ रेघा, मग त्यांच्यावर ९ इंचांच्या दोऱ्याने अर्धवर्तुळ. दोन्हीकडे तीन-तीन इंचांचे खांब उरतात आणि वर सहा इंच जागा राहते. एका झटक्यात कापायला जाऊ नका. कटर हलका धरून त्याच रेघेवरून तीन वेळा फिरवा.

आता खळ. मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा आणि उकळत्या अडीच वाट्या पाण्यात ओता. मंद आचेवर ढवळत राहा. तीन-चार मिनिटांत पांढरेपणा जाऊन साबुदाण्याच्या पेजेसारखी झाक येते. मग गॅस बंद करून तुरटी घाला. तुरटीमुळे भाद्रपदाच्या दमट हवेत बुरशी लवकर धरत नाही. खळ फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते, आंबूस वास आला की टाकून द्या. जुन्या पद्धतीत मोरचूद घालत असत. तो विषारी आहे, घरात लहान मुलं असताना नको.

वर्तमानपत्राच्या दोन इंची पट्ट्या हाताने फाडा, कात्रीने कापू नका. फाटलेली कड मऊ, केसाळ असते, ती पुठ्ठ्यात विरून जाते. कात्रीची कड रंगाखालीही रेघ होऊन दिसते. पहिला थर मराठी वर्तमानपत्राचा, दुसरा गुलाबी आर्थिक वर्तमानपत्राचा लावला तर कुठे सुटलंय ते लगेच कळतं. तिसरा थर तपकिरी कागदाचा.

जावेचं मखर वाकलं ते इथेच. ओला कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूला कागद असेल तर पुठ्ठा त्याच बाजूला वळतो. दोन्ही बाजूंना सारखेच थर द्या, म्हणजे ओढ दोन्हीकडून येऊन पुठ्ठा सरळ राहतो. प्रत्येक थर रात्रभर पंख्याखाली उभा ठेवा, दोन्ही अंगांना हवा लागली पाहिजे. वाळलाय की नाही ते बोटाने कळत नाही, गालाला लावून बघा. गार लागला तर आत अजून ओल आहे, रंग लावू नका.

भाग जोडताना कोपऱ्यांत आतून-बाहेरून पट्ट्या डकवा, चिमट्यांनी धरा, दोन तास थांबा. रंगासाठी गेरूत पातळ खळ मिसळा, नाहीतर वाळल्यावर तो हाताला लागतो. त्यावर खडूच्या पांढऱ्या रंगाने ठिपके. समई-निरांजन मखराच्या आत नको, पुठ्ठ्यापासून फूटभर पुढे ठेवा.

आता चित्रीकरण. फोन खिडकीकडे पाठ करून स्टँडवर लावा, स्टँडच्या पायांभोवती फरशीवर खडूने खूण करा, म्हणजे रोज तीच चौकट मिळते. ढग आले-गेले की चित्र उजळतं, काळवंडतं. खिडकीचा पडदा लावून घरातल्या दिव्यावरच काम करा आणि फोनच्या स्क्रीनवर बोट दाबून प्रकाश व फोकस लॉक करा. फोन चार्जरला, एअरप्लेन मोडवर.

वेगाचा हिशेब सोपा आहे. कापायला ४० मिनिटं लागली तर ६० पटीत ४० सेकंद होतात. पट्ट्या चिकटवायला ८० मिनिटं, ते १२० पटीत पुन्हा ४० सेकंद. रंगाला ५० मिनिटं, ६० पटीत ५० सेकंद. एकूण १३० सेकंद, त्यातलं तेच-ते कापून दीड मिनिट उरतं. खळ ढवळणं आणि पट्टी फाडणं मात्र साध्या वेगातच घ्या. ६० पटीत चार मिनिटांची खळ चार सेकंदांत होते, बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

कॅप्शन वरच्या भागात टाका, खाली बटणांमागे लपतात. स्वतः सावकाश एकदा मोठ्याने वाचून होईपर्यंत ओळ पडद्यावर राहू द्या. माझ्या यंदाच्या ओळी अशा:

सामान (सगळं मांडून स्थिर दृश्य, ६ सेकंद)
"नळ्या उभ्या ठेवून कापा"
"मैदा अर्धी वाटी, पाणी तीन वाट्या, तुरटी एक चमचा"
"पट्ट्या हाताने फाडा"
"दोन्ही बाजूंना सारखे थर"
"इथे रात्रभर थांबलो" (काळ्या पडद्यावर, प्रत्येक थरानंतर, तीन वेळा)
"गालाला गार लागलं तर थांबा"
"गेरूत पातळ खळ"

काळा पडदा तीनदा आला की व्हिडिओ अडखळतो, हे मान्य. तरी तो काढू नका, त्याच तीन जागी मखर तयार होतं.

शेवटचं दृश्य विसर्जनानंतर घ्या. जोडावरच्या पट्ट्यांना ओलं फडकं दहा मिनिटं लावलं की मखर उलगडतं, पाच सपाट तुकडे होतात. ते कोरडे करून सुक्या कचऱ्यात द्या. कमान मी ठेवून घेतली आहे, माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळून.