सोसायटीत नातेवाईकांकडे जाताय? निघायच्या आधी एवढं विचारा

पुण्यात वाकड, खराडीकडच्या मोठ्या सोसायटीत मावशीकडे जायचं असेल तर नुसतं "बी 1203" लिहून घेऊ नका, कारण बी म्हणजे बी टॉवर की चौथ्या टॉवरची बी विंग हे गेटवरच्या वॉचमनलाही त्यावरून कळत नाही, आणि चुकीच्या टॉवरमधल्या 1203 ला फोन गेला की ते बिचारे "आम्ही कोणाला बोलावलं नाही" म्हणून मोकळे होतात. म्हणून फेज, टॉवर, विंग, फ्लॅट असं पूर्ण मागवा, सोबत पाहुण्यांचं गेट कुठलं तेही, मॅप कधीकधी मागच्या बंद गेटवर नेऊन सोडतो.

मायगेटसारखं अ‍ॅप असेल तर मावशीला आधीच एंट्री टाकायला सांगा, मग तुम्हाला कोड येतो, तो गेटवर सांगितला की झालं. नाहीतर नाव, मोबाईल, गाडी नंबर लिहून घेतात आणि मावशीच्या फोनवर परवानगी मागतात, ती नेमकी दुपारी झोपलेली असली की तुम्ही उन्हात उभे. अशा वेळी इंटरकॉम लावायला सांगा.

आत गेल्यावर जास्त गोंधळ बेसमेंटमध्ये होतो. पार्किंग बऱ्याच ठिकाणी सगळ्या टॉवरचं एकच असतं पण लिफ्ट वेगळ्या, म्हणून खांबावरचं किंवा लिफ्टच्या दारावरचं विंगचं नाव वाचूनच बटण दाबा. ए विंगच्या बाराव्या मजल्यावरून बी मध्ये जायला बहुतेक ठिकाणी रस्ताच नसतो, परत खाली यावं लागतं, हातात आंब्याची पेटी असली तरी.