पावसाळ्यात अडकलेली व्हायोलिनची खुंटी पेगबॉक्स न फोडता कशी सोडवावी

जुलैत कोकणात हवेतली आर्द्रता अनेकदा ८५ टक्क्यांच्या वर असते आणि घरात ठेवलेल्या व्हायोलिनची एखादी खुंटी अचानक हलेनाशी होते. ती दुसऱ्या तारेची असेल तर जास्त जपावे लागते, कारण खुंट्या ज्यात बसतात त्या पेगबॉक्सची भीत तडकते ती बऱ्याचदा याच खुंटीच्या छिद्राशी. म्हणून या खुंटीचीच पद्धत इथे दिली आहे.

खुंटी निमुळती असते, साधारण ३० मिमी लांबीमागे १ मिमी जाडी कमी होते. म्हणजे ती एक पाचर आहे. दमट हवेत आबनूस किंवा शिसवी खुंटी सगळ्या बाजूंनी फुगते. पेगबॉक्सची मेपलची भीत मात्र लाकडाच्या रेषांच्या आडव्या दिशेनेच फुगते, लांबीच्या दिशेने जवळपास नाहीच, त्यामुळे छिद्र गोल राहत नाही आणि खुंटी आवळली जाते. त्यात सूर टिकावा म्हणून वाजवणारा ती रोज आत दाबत असतो. पाचर आत गेली की लाकूड रेषेच्या बाजूने फाटते, आणि तडा छिद्रापासून लांबीच्या दिशेने धावतो.

आधी बॅटरीच्या उजेडात छिद्राच्या दोन्ही बाजू पाहा. केसाएवढी रेघ दिसली तर पुढे काहीच करू नका, वाद्य दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. रेघ नसेल तर पेगबॉक्सच्या आत पाहा. तारेचे वेढे भिंतीला घासून दाटले असतील, तर खुंटी फुगलेली नसून तारेनेच अडवलेली असू शकते.

आता तारेचा ताण कमी करायचा. त्या तारेचा फाइन ट्यूनर असेल तर तो पूर्ण सैल करा, बाकीच्या तीन तारा थोड्या उतरवा. पूर्ण काढू नका, नाहीतर घोडी पडेल आणि आतली ध्वनिदांडी सरकेल. तरीही तार ताठच राहिली तर तिच्यावर जाड कापड गुंडाळून, चेहरा दूर ठेवून, पक्कडीने कापा. एक तार गेली तर चालते.

मग वाद्य वाळू द्या. केसमध्ये कापडी पुरचुंडीत साधारण २०० ग्रॅम सिलिका जेल ठेवून झाकण लावा आणि दोन दिवस थांबा. उन्हात ठेवण्याचा किंवा हेअर ड्रायर मारण्याचा मोह टाळावा. पातळ भीत आधी सुकते, आकसते आणि अजून फुगलेल्या खुंटीला आवळते. तडा तेव्हाच पडतो. शिवाय उष्णतेने सरस सैल होतो. खोबरेल तेलही नको, कारण ते लाकडात शिरले की पुढे खुंटी सूर धरत नाही.

दोन दिवसांनी खुंटी बाहेर ओढत दोन्ही दिशांना अगदी थोडी फिरवून पाहा. बहुतेक वेळा इथेच काम होते. पक्कड लावू नका. खुंटीच्या मुठीजवळचे लाकूड पिळले जाऊन तिची मान तुटते.

नाहीच हलली तर ठोकावी लागेल, आणि त्याला दोन माणसे हवीत. ठोकताना खुंटी मुठीच्या बाजूची भीत आपल्याबरोबर ओढते. तिला खालून टेका नसेल तर ती वाकते आणि फुटते. ८ मिमी प्लायच्या तुकड्याला १० मिमी रुंदीची खाच पाडा, कडेला कापड चिकटवा आणि तो मूठ व भीत यांच्या मध्ये सरकवा. तो भिंतीला चिकटून बसला पाहिजे; फट राहिली तर आणखी कापडाने भरा. टेबलाच्या कडेला ५ सेंमी उंचीचे दोन ठोकळे ठेवून हा तुकडा त्यांवर टेकवा, म्हणजे मूठ मध्ये मोकळी लोंबेल. साथीदाराने वाद्याचे धड टेबलाबाहेर आडवे, पातळीत धरावे.

वरच्या बाजूला खुंटीचे बारीक टोक दिसते. त्यावर त्याहून बारीक, सुमारे ५ मिमी जाडीची लाकडी काडी सरळ उभी धरा. जाड असली तर ती छिद्राच्या कडेवर आदळेल. ही काडी सावंतवाडीत लाकडी खेळणी घडवणारे कारागीर लेथवर सहज बनवून देतील. हलक्या हातोडीने टिचकी मारल्यासारखे ठोके द्या आणि प्रत्येक तीन ठोक्यांनंतर खुंटी हलते का ते पाहा. सुटताना टचकन आवाज येतो आणि टोक किंचित आत जाते. लाकूड करकरले तर लगेच थांबा. दहा-बारा ठोक्यांनंतरही काही हलले नाही तर जोर वाढवू नका, आणखी एक दिवस वाळवा, आणि तरीही जमले नाही तर कारागिराकडे द्या.

खुंटी बाहेर आली की तिच्यावरचे चमकते पट्टे पाहा, तिथेच ती घासत होती. त्या पट्ट्यांवर कोरडा साबण घासा, वर फळ्यावरचा खडू, आणि खुंटी बसवून काही वेळा फिरवा. साबणाने ती सरकते, खडूने धरते. फार सरकली तर खडू वाढवा, अडखळली तर साबण. नवी तार लावताना वेढे मुठीकडच्या भिंतीपासून निदान २ मिमी दूर ठेवा. पावसाळाभर केसमधले सिलिका जेल आठवड्याला तपासा, आणि सूर लावताना खुंटी सूर टिकेल एवढीच आत दाबा.