शेंदूर फासल्यासारखा चेहरा: सनसेटचे पोर्ट्रेट एडिट करायच्या आधीची तयारी

थंडी पडली की प्री-वेडिंगवाले सगळे समुद्रावर पळतात आणि सगळ्यांना तोच शेवटचा अर्धा तास हवा असतो. शूट करताना मागच्या स्क्रीनवर काय भारी दिसतं, आणि घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडलं की नवरीला कुणीतरी शेंदूर फासलाय. मग घाईघाईत लाइटरूम क्लासिकमधला Temp चा, म्हणजे रंगाची ऊब कमीजास्त करणारा स्लायडर निळ्याकडे ओढला जातो, चेहरा माणसात येतो पण संध्याकाळ गेलेली असते, फोटो दुपारी तीनला काढल्यासारखा. मीही बरेच दिवस हेच करायचो. आता एक यादी ठरलीय, अर्धी शूटला निघण्याआधीची आणि अर्धी एडिटला बसण्याआधीची, तीच सांगतो. उदाहरणाला गुहागरच्या किनाऱ्यावरचं एक शूट घेऊ: मुलगी गव्हाळ, मोरपंखी नऊवारी, गळ्यात ठुशी, केसात मोगऱ्याचा गजरा, सूर्य तिच्या डाव्या गालावर अगदी आडवा.

पहिलं, कॅमेरा रॉवर आहे ना ते बघा, जेपेगमध्ये यातलं निम्मं जमणार नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून डेलाइटवर टाका. ऑटो वाईट असतो असं नाही, पण तो दर फ्रेमला आपलं डोकं चालवतो, तिने जरा मान वळवली, मागे आकाश जास्त आलं की आकडा बदलला, आणि मग साठ फोटोंना साठ वेगळी करेक्शन करत बसायचं. सगळे सारखेच नारंगी असलेले परवडले, एक नीट केला की बाकीच्यांवर सिंक मारता येतं.

दुसरं, आणि यात मी सपाटून मार खाल्लाय, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, लाल, हिरवा, निळा तिन्ही रंगांचा वेगवेगळा दिसेल असा लावून ठेवा. मावळत्या उन्हात लाल भरपूर आणि निळा जवळपास नाहीच, त्यामुळे साधा पांढरा हिस्टोग्राम एक्स्पोजर बरोबर आहे म्हणत असतो तेव्हा लाल चॅनल उजव्या भिंतीला धडकून जळालेला असतो. गुहागरला पहिल्या वीसेक फ्रेम अशाच गेल्या. डाव्या गालावर लाल पूर्ण १०० टक्क्यांवर अडकलेला, तिथे त्वचेचा पोतच शिल्लक नाही, आणि निळ्याकडे ओढलं की गाल नॉर्मल व्हायच्या ऐवजी तिथे पिवळट सपाट डाग उमटतो, प्लास्टिक वितळल्यासारखा. कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम जेपेगवरून बनतो म्हणून रॉमध्ये थोडं परत मिळतं, पण त्यावर भिस्त ठेवू नका. पुढच्या फ्रेम मी दोन तृतीयांश स्टॉप अंडर घेतल्या, त्याच शेवटी अल्बमला गेल्या.

तिसरं म्हणजे या यादीचा जीव. सूर्य खाली यायच्या अर्धा तास आधी तिला मोकळ्या सावलीत उभं करून, त्याच मेकअपमध्ये, एक साधा समोरून फोटो घ्या. पोज नको, हसू नको, पासपोर्टसारखा काढलात तरी चालेल. मग नारंगी उजेड आला की तिच्या हातात ग्रे कार्ड, म्हणजे कुठलीच छटा नसलेला राखाडी पुठ्ठा, देऊन अजून एक. या दोन फ्रेम नसतील तर एडिट करताना तुमच्याकडे फक्त आठवण असते, आणि रंगाची आठवण फार खोटी असते. सावलीतला फोटो, डेलाइटवर आलेला त्याचा निळसरपणा काढला की, सांगतो की मुलगी खरी कशी आहे. आपल्याकडे हा मुद्दा नाजूक आहे, कारण नारंगी काढता काढता हात आपोआप उजळ करण्याकडे जातो, आणि वर घरचेही म्हणतात दादा थोडं उजळ करा ना. नारंगी काढणं वेगळं आणि गोरं करणं वेगळं. सावलीतला फोटो शेजारी उघडा असला की गडबड केली तर लगेच दिसते.

रिफ्लेक्टर नेणार असाल तर पांढरा न्या, थर्माकोलची शीट चालते. सोनेरी या वेळेला बॅगेतच राहू द्या, आधीच नारंगी असलेल्या उजेडावर अजून सोनं कशाला. कोकणातल्या लाल मातीवर उभं केलं तर खालून हनुवटीवर आणि मानेवर तोच रंग चढतो, वाळूवरही थोडा चढतोच, ते लक्षात ठेवा म्हणजे नंतर मान वेगळी का दिसते याचं कोडं पडत नाही.

आता घरी. कॉम्प्युटरचा नाइट लाइट बंद, मॅक असेल तर नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन दोन्ही बंद, खोलीतला पिवळा बल्ब बंद. हे वाचायला बावळट वाटतं पण मी एकदा अख्खं फोल्डर रात्री नाइट लाइट चालू ठेवून केलंय आणि सकाळी सगळ्या नवऱ्या निळसर. लाइटरूममध्ये फोटोमागची पार्श्वभूमी मधल्या राखाडीवर ठेवा. आणि दर वीस मिनिटांनी उठा, खिडकीबाहेर बघा, चहा घ्या, कारण नारंगी फोटोकडे बघत बसलं की डोळा त्यालाच पांढरं धरायला लागतो.

मग किती काढायचं ते ठरवायचं. माझा फोटो डेलाइटवर म्हणजे ५५०० केल्व्हिनवर होता. ग्रे कार्डवर व्हाइट बॅलन्सचा पिकर मारला तर आकडा आला ३४००. म्हणजे ३४०० वर नारंगी शून्य आणि ५५०० वर पूर्ण नारंगी, आपलं उत्तर या दोघांच्या मध्ये कुठेतरी. मी साधारण एक तृतीयांश वाट चालतो, जास्त नाही. फक्त केल्व्हिनची वाट सरळ मोजता येत नाही, खालच्या आकड्यांत तेवढ्याच फरकाचा रंग जास्त बदलतो, म्हणून ५५०० मधून सरळ सातशे वजा करून भागत नाही, मी ४६०० वर थांबलो. थांबायचं कुठे हे मला गजऱ्याने सांगितलं. मोगरा सायीच्या रंगाचा दिसला पाहिजे, तो पांढराशुभ्र झाला तर समजा संध्याकाळ मारलीत. गजऱ्यावर पिकर तर चुकूनही मारू नका, तो त्याला पांढरा करून ठेवेल आणि आकाश राखाडी.

एवढ्यावर वाळू, आकाश, पदर सगळं छान ऊबदार राहतं पण डावा गाल अजून जास्तच असतो. इथेच लोक Temp अजून मागे ओढतात आणि फसतात. कारण चेहऱ्यावर दोन उजेड आहेत, डाव्या बाजूला सूर्य आणि उजव्या सावलीच्या बाजूला वरचं निळं आकाश. अख्खा फोटो थंड केला की उजवा गाल राखेसारखा होतो, आजारी माणसासारखा. म्हणून त्वचेचा वेगळा मास्क. लाइटरूममध्ये माणूस निवडून चेहऱ्याची आणि अंगाची त्वचा दोन्ही टिक करा, फक्त चेहरा घेतलात तर मान आणि हात नारंगीच राहतात आणि मुंडकं चिकटवल्यासारखं दिसतं. मग Intersect Mask With वापरून Luminance Range लावा, म्हणजे त्वचेचा फक्त उजळ भाग पकडला जाईल आणि सावलीला हात लागणार नाही. कडा मऊ ठेवा, नाहीतर नाकावर रेघ येते.

या मास्कमध्ये Saturation वजा १२ आणि Temp वजा ८, एवढंच. हिस्टोग्रामखालचे टक्के बघत बसायचं, माऊस गालावर ठेवून. सुरुवातीला डाव्या गालावर लाल ९३, हिरवा ६१, निळा ३१ होता, म्हणजे निळा लालच्या एक तृतीयांश, हाच तो शेंदूर. सावलीतल्या फोटोत तोच गाल ७२, ५६, ४६. मला ७२ च्या गणितावर जायचंच नाहीये, तिथे गेलो तर सावलीच आली. शेवटी मी ८६, ६३, ४५ च्या आसपास सोडला, निळा लालच्या निम्म्याला जरा वर. हे आकडे माझ्या त्या मुलीचे आहेत, तुमच्या फोटोला तुमचा सावलीतला फोटो बघा. तो शेजारी लावायला Shift+R दाबून Reference View उघडा.

इथे एक सोपा वाटणारा रस्ता आहे तो टाळा, रंगांच्या पॅनलमधला Orange स्लायडर. त्वचा नारंगी म्हणून Orange ची Saturation कमी केली की त्वचेबरोबर ठुशी, नऊवारीची जर, ओली वाळू आणि आकाशाचा खालचा पट्टा सगळं एकदम फिकं पडतं. माझी ठुशी पितळेची झाली होती. नारंगी रंग फक्त कातडीचा नाही, त्या संध्याकाळचा सगळा माल त्याच स्लायडरमध्ये आहे. वापरायचाच तर त्वचेच्या मास्कच्या आत तसलं काही करा, बाहेर नको.

त्यानंतर दात आणि डोळ्यांचा पांढरा भाग. नारंगी उजेडात दात पिवळे दिसतात, त्यांचा वेगळा मास्क करून Saturation थोडी कमी करा, पण पूर्ण पांढरे करू नका, गजऱ्यापेक्षा दात पांढरे झाले की जाहिरात वाटते. मागून ऊन असेल तर कानाची पाळी लालभडक पेटते, उजेड कानातून आरपार येतो म्हणून. ती थोडी ठेवाच, मी ब्रशने फक्त निम्मी उतरवतो.

कॉन्ट्रास्ट आणि Dehaze आधी करून घ्या, त्वचेचं काम त्यानंतर. दोन्हीमुळे रंग गडद होतात, तुम्ही अर्धा तास घालवून बसवलेला गाल एका झटक्यात परत शेंदरी. आणि १०० टक्क्यांवर झूम करून गालाकडे बघा, निळा चॅनल मुळातच कमी मिळालेला असतो, तो ताणला की सावलीत रंगीत दाणे उठतात, ते दिसले तर नॉइज रिडक्शनचा कलरवाला स्लायडर थोडा वर.

एक्सपोर्ट एसआरजीबीमध्ये, आणि अल्बमला पाठवायच्या आधी लॅबमधून त्याच कागदावर एक सहा बाय आठची प्रिंट काढून आणा. गुहागरवाल्या फोटोची पहिली प्रिंट स्क्रीनपेक्षा लालसर आली होती, मास्कची Saturation अजून चार कमी केली आणि दुसरी बरोबर आली.