दहापट प्रोबचा ट्रिमर: अंबडच्या टेस्टिंग बेंचवरून

डिप्लोमा करून अंबड-सातपूरच्या एखाद्या युनिटमध्ये टेस्टिंगला लागलात की पहिल्याच आठवड्यात हातात स्कोपचा प्रोब येतो. तो कसा लावायचा हे कॉलेजात शिकवलेलं असतं. त्याच्या टोकाशी, किंवा स्कोपला लावायच्या बीएनसीच्या डबीत, एक बारीक स्क्रू असतो. तो का फिरवायचा, हे मात्र बहुतेकांना माहीत नसतं. आमच्याकडे येणाऱ्या ट्रेनींना मी एका किश्शातून हे समजावतो.

२४ व्होल्टवर चालणारं एक डीसी-डीसी बोर्ड बेंचवर होतं. मॉस्फेटच्या गेटवर ६५ किलोहर्ट्झचा, शून्य ते १२ व्होल्टचा चौकोनी तरंग असायला हवा होता. आकार अगदी स्वच्छ दिसत होता, पण खालची पातळी शून्याला टेकत नव्हती. ती अर्ध्या व्होल्टच्या जरा खाली होती आणि वरची साडेअकराच्या आसपास.

"सर, ड्रायव्हर आयसी खाली पूर्ण ओढत नाहीये. बदलू का?"

"आयसी राहू दे. हा प्रोब काल कुठे लावला होतास?"

काल तो प्रोब डीएसओवर होता, आज जुन्या सीआरओवर. दोष एवढाच होता. तो कसा निर्माण झाला, ते आकड्यांत पाहू.

दहापट प्रोबच्या टोकात ९ मेगाओहमचा रेझिस्टर असतो आणि स्कोपचा इनपुट १ मेगाओहमचा. दोन्ही मिळून दहाला एक असा डिव्हायडर होतो. पण प्रोबच्या केबलला कपॅसिटन्स असतो, स्कोपच्या इनपुटलाही असतो. केबलचे ८० पिकोफॅरड, डीएसओच्या इनपुटचे १५ आणि डबीतल्या ट्रिमरचे १३ धरले, तर खालच्या १ मेगाओहमला समांतर १०८ पिकोफॅरड होतात. नुसत्या रेझिस्टरांवर भागवलं, तर हा डिव्हायडर साधारण १.६ किलोहर्ट्झलाच मान टाकतो. म्हणून ९ मेगाओहमलाही समांतर एक छोटा कॅपॅसिटर लावलेला असतो. त्याची किंमत या सूत्रातून येते:

R1·C1 = R2·C2

वर ९ मेगाओहम असेल, तर वरचा कॅपॅसिटर खालच्याच्या एक नवमांश हवा, म्हणजे १२ पिकोफॅरड. दोन्ही बाजूंचा गुणाकार १०८ मायक्रोसेकंद येतो. कमी फ्रिक्वेन्सीला विभागणी रेझिस्टर करतात आणि जास्त फ्रिक्वेन्सीला कॅपॅसिटर. दोघांची विभागणी एकच, दहाला एक. त्यामुळे मधल्या कुठल्याही फ्रिक्वेन्सीला गुणोत्तर ढळत नाही.

आता तोच प्रोब सीआरओवर लावा. त्याच्या इनपुटवर 1 MΩ // 25 pF असं छापलेलं होतं. खालची बेरीज १०८ वरून ११८ झाली. रेझिस्टर तेच असल्यामुळे डीसीला अजूनही बरोबर एक दशांश मिळतो. पण कॅपॅसिटरांची विभागणी १२ भागिले १३० झाली, म्हणजे ०.०९२३. जास्त फ्रिक्वेन्सीला उंची जवळजवळ ८ टक्के कमी दिसणार.

गेटच्या तरंगाची ड्युटी निम्मी होती. त्याची सरासरी ६ व्होल्ट. ती डीसी असल्यामुळे बरोबर दिसते. तिच्या वर-खालचे सहा-सहा व्होल्ट मात्र ५.५४ होऊन दिसतात. म्हणून खालची पातळी ०.४६ आणि वरची ११.५४. ड्युटी बदलली की सरासरी बदलते आणि ही खोटी खालची पातळीही सरकते. ड्रायव्हरमधला दोष असा ड्युटीच्या मागे फिरत नाही. शंका आली तर एवढी खूण पुरते.

तरंग वाकडा का दिसला नाही, हा प्रश्न हुशार पोरं विचारतात. या बिघडलेल्या डिव्हायडरला खऱ्या पातळीकडे यायला लागणारा टाइम कॉन्स्टंट आहे ११७ मायक्रोसेकंद, आणि ६५ किलोहर्ट्झचा अर्धा पिरियड जेमतेम ७.७ मायक्रोसेकंद. सावरायला वेळच मिळत नाही, त्यामुळे आकार सरळ राहतो आणि फक्त उंची चुकते. माझ्या मते ही चूक सगळ्यात फसवी, कारण वाकडा तरंग पाहून माणूस निदान थबकतो तरी.

स्कोपच्या पुढच्या पट्टीवरचा कॅलिब्रेशन पिन १ किलोहर्ट्झचा असतो, तो याच कामाला येतो. त्याचा अर्धा पिरियड ५०० मायक्रोसेकंद, म्हणजे साधारण चार-साडेचार टाइम कॉन्स्टंट. कडेला कॅपॅसिटरांनी दिलेली उंची दिसते आणि सपाटीच्या शेवटी रेझिस्टरांनी दिलेली. दोन्ही एकाच पडद्यावर शेजारी येतात. कड उंच उठून खाली उतरत असेल, तर वरचा कॅपॅसिटर जास्त पडतोय. कोपरा गोल असेल, तर खालचा. माथा सपाट होईपर्यंत स्क्रू फिरवायचा, तोही प्लास्टिकच्या पेचकसाने. धातूचा पेचकस स्वतःचा कपॅसिटन्स घालतो, आणि तो उचलला की जमलेलं पुन्हा बिघडतं.

स्क्रू फिरवून काहीच हलत नसेल, तर आधी प्रोबवरचं बटण पाहा. ते 1X वर असताना ९ मेगाओहमला बगल दिलेली असते, डिव्हायडरच उरत नाही. 10X वर असूनही माथा सपाट होत नसेल, तर प्रोबच्या कागदावर दिलेल्या कॉम्पेन्सेशन रेंजमध्ये तुमच्या स्कोपचा पिकोफॅरडचा आकडा बसतो का, ते बघा.

एकदा हे सगळं ब्रेडबोर्डवर करून पाहाच. पिकोफॅरडमध्ये जमणार नाही, कारण ब्रेडबोर्डच्या पट्ट्याच दोन-तीन पिकोफॅरड देतात. किमती साधारण शंभरपट सरकवायच्या. वर ८२ किलोओहम आणि ८.२ किलोओहम सिरीजमध्ये, त्यांना समांतर १ नॅनोफॅरड. खाली १० किलोओहम, त्याला समांतर ८.२ नॅनोफॅरड आणि ८२० पिकोफॅरड. दोन्हीकडे गुणाकार ९०.२ मायक्रोसेकंद येतो, खऱ्या प्रोबच्या जवळपास. कॅपॅसिटर शक्यतो पॉलिस्टरचे घ्या. स्वस्त सिरॅमिक डिस्कची किंमत छापल्यापेक्षा बरीच भरकटलेली असू शकते. फंक्शन जनरेटरवरून १ किलोहर्ट्झ, ५ व्होल्टचा चौकोनी तरंग द्या. खाली अर्ध्या व्होल्टचा सपाट तरंग दिसेल. १ नॅनोफॅरड काढला की कडा मंद चढतील. त्याजागी १.५ नॅनोफॅरड लावलात, तर कडेची उडी अर्ध्या व्होल्टऐवजी सुमारे ०.७१ व्होल्टची होईल.

एक वेगळी गोष्ट याच्यात मिसळू नका. कडेवर काही नॅनोसेकंदांची थरथर दिसली, तर ती या स्क्रूने जात नाही. ती ग्राउंड क्लिपच्या लांब वायरच्या इंडक्टन्समुळे येते. वायर आखूड करून, टोकाशी स्प्रिंगचा ग्राउंड लावून पाहा. वेळेवरून फरक ओळखता येतो: स्क्रूची चूक शंभर मायक्रोसेकंदांच्या घरात दिसते, वायरची नॅनोसेकंदांत.

आणि प्रोब कितीही नीट जुळवला तरी तो बोर्डवर भार टाकतोच. १२ आणि १०८ पिकोफॅरड सिरीजमध्ये आले की टोकाला १०.८ पिकोफॅरड उरतात. १० मेगाहर्ट्झला त्यांचा विरोध दीड किलोओहमपेक्षाही थोडा कमी. प्रोबवर लिहिलेले १० मेगाओहम डीसीला आणि अगदी कमी फ्रिक्वेन्सीलाच खरे. क्रिस्टलच्या पायावर प्रोब टेकवल्यावर ऑसिलेटर बंद पडला, तर क्रिस्टल बदलण्याआधी हे १०.८ पिकोफॅरड हिशेबात धरा.