द्विघाती फलाचा आलेख: किंमतींची सारणी करताना या चुका टाळा

द्विघाती फलाचा आलेख बिघडला की विद्यार्थी रेघ खोडून पुन्हा काढतो, परंतु वह्या तपासताना मला बहुतेक वेळा चूक सारणीतच सापडते. म्हणून आलेख कागदाला पेन्सिल लावण्यापूर्वी सारणी तपासून घ्यावी. त्यासाठी y = x² − 3x − 2 हे फल घेऊ आणि x च्या −2 पासून 5 पर्यंतच्या पूर्णांक किंमती मांडू.

| x | −2 | −1 | 0 | 1 | 2 | 3 | 4 | 5 |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| x² | 4 | 1 | 0 | 1 | 4 | 9 | 16 | 25 |
| −3x | 6 | 3 | 0 | −3 | −6 | −9 | −12 | −15 |
| −2 | −2 | −2 | −2 | −2 | −2 | −2 | −2 | −2 |
| y | 8 | 2 | −2 | −4 | −4 | −2 | 2 | 8 |

प्रत्येक पदाला स्वतंत्र ओळ देणे अनेकांना वेळखाऊ वाटते, पण मी तिचा आग्रह धरतो, कारण चिन्हाची चूक नेमकी कोणत्या पदात झाली हे त्याशिवाय दिसत नाही.

ऋण किंमत कंसाशिवाय ठेवणे. कॅल्क्युलेटरवर −2² असे दाबले, तर बहुतेक यंत्रे आधी 2 चा वर्ग करतात, मग ऋण चिन्ह लावतात आणि −4 दाखवतात. आपल्याला मात्र (−2)² म्हणजे 4 हवे असते. ही चूक झाल्यास x = −2 आणि x = −1 या दोन्ही ठिकाणी y = 0 येते, आणि डावीकडे वर जायला हवा असलेला वक्र क्ष-अक्षावर आडवा पडतो. दुसरी चूक −3x या पदात होते: x = −2 असताना ते पद +6 असते, पण घाईत −6 लिहिले जाते. मग पहिल्या दोन्ही किंमती −4 येतात, आणि 0 पाशी वर उचललेला, दोन खळग्यांचा आलेख तयार होतो. अन्वस्ताला एकच वळण असते, त्यामुळे असा आकार दिसला की ऋण x चे रकाने आधी पाहावेत.

फरक न तपासता बिंदू मांडणे. x च्या किंमती समान अंतराने घेतल्या असतील, तर y च्या लागोपाठच्या किंमतींमधील फरक काढावेत. आपल्या सारणीत ते −6, −4, −2, 0, 2, 4, 6 असे येतात, आणि या फरकांमधला फरक सर्वत्र 2 येतो. x च्या किंमतींमधील अंतर 1 असेल, तर हा दुसरा फरक नेहमी x² च्या सहगुणकाच्या दुप्पट असतो. समजा, x = 3 समोर −2 ऐवजी चुकून −1 लिहिले गेले, तर दुसरे फरक 2, 2, 2, 3, 0, 3 असे होतात. लागोपाठचे तीन आकडे बिघडले आणि त्यांतला मधला सर्वांत जास्त बिघडला, म्हणजे चूक त्या मधल्या आकड्याच्या रकान्यात, येथे x = 3 मध्ये आहे. या कसोटीला एक मर्यादा आहे: शेवटचे −2 सर्वच रकान्यांत वजा करायचे राहिले, तर सर्व फरक जसेच्या तसे राहतात. ती चूक पकडण्यासाठी x = 0 असताना y ची किंमत अचर पदाएवढी, म्हणजे −2, येते का ते पाहावे.

तळ सपाट काढणे. x = 1 आणि x = 2 या दोन्ही ठिकाणी y = −4 आहे, म्हणून पुष्कळ जण त्यांना आडव्या रेषेने जोडतात. सारणी दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे सममितीचा अक्ष या दोहोंच्या बरोबर मध्ये, x = 1.5 वर आहे, आणि तेथे y = 2.25 − 4.5 − 2 = −4.25 येते. हा शिरोबिंदू सारणीत वेगळा नोंदवावा, मात्र फरक काढताना तो धरू नये, कारण त्याने x मधील समान अंतर मोडते.

बिंदू पट्टीने जोडणे. दोन्ही अक्षांवर एक सेंटिमीटर म्हणजे एक एकक असे प्रमाण घेतले, तर हा आलेख सुमारे 7 सेंटिमीटर रुंद आणि 12 सेंटिमीटर उंच होतो, व कागदावर सहज मावतो. (3, −2) आणि (4, 2) हे बिंदू पट्टीने जोडले, तर रेषा क्ष-अक्षाला 3.5 वर छेदते. खरा वक्र त्या रेषेच्या खालून जातो आणि अक्षाला सुमारे 3.56 वर भेटतो. डावीकडेही पट्टीने −0.5 मिळते, तर खरे मूळ सुमारे −0.56 आहे. मिलिमीटरच्या कागदावर हा फरक अर्ध्या घराहून थोडा जास्त असतो, म्हणून मुळे आलेखावरून वाचायची असतील तर x = 3.5 साठीही y काढून घ्यावी. ती −0.25 येते, आणि वक्र अजून अक्षाच्या खालीच आहे हे तेवढ्या एका बिंदूने ठरते.