विषय: सुरक्षा सॉफ्टवेअरची मागे घेतलेली आवृत्ती – संगणक Restart करण्याआधीची तयारी

नमस्कार,

हा मेल वाचून होईपर्यंत कृपया आपला संगणक Restart करू नका. बंदही करू नका. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, डेस्कटॉप असेल तर तो यूपीएसवर आहे ना ते बघून घ्या.

शनिवारी दुपारी ३ ते ५ या वेळात होटगी रोडचं ऑफिस, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखाना आणि चिंचोळीचं गोडाऊन अशा तिन्ही ठिकाणी सुरक्षा सॉफ्टवेअरची नवी, ६ नंबरची आवृत्ती पाठवली गेली. काही संगणकांवर ती बसताना आधीच्या ५ नंबरच्या आवृत्तीचा ड्रायव्हर निघालाच नाही. ड्रायव्हर म्हणजे विंडोज सुरू होतानाच तिच्याबरोबर चढणारा छोटा प्रोग्राम. एकच काम करणारे असे दोन ड्रायव्हर एकत्र चढले की विंडोज मध्येच कोसळू शकते आणि निळा स्क्रीन येतो. रविवारी संध्याकाळी ६ नंबरची आवृत्ती मागे घेतली. जो संगणक चालू आहे आणि ऑफिसच्या नेटवर्कवर आहे, त्याच्यावर ५ नंबर आपोआप परत बसतो आहे. जो सुरूच होत नाही त्याच्यापर्यंत नेटवर्कवरून काहीच पोहोचत नाही, म्हणून तिथे माणसालाच जावं लागतं. १९ जुलै २०२४ रोजी जगभर विमानतळं आणि बँका अडकल्या तेव्हाही नेमकी हीच अडचण होती. बिघडलेली फाइल लवकर मागे घेतली गेली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे तोवर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते आणि त्यातले बरेचसे एकेक करून हाताने सोडवावे लागले.

सकाळपासून सगळ्यात जास्त फोन आले ते निळ्या स्क्रीनचे नाहीत. "माझा तर नीट चालतोय, म्हणजे मला काही करायला नको ना?" असं विचारणारे ते फोन आहेत. याच लोकांची आम्हाला जास्त काळजी आहे, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो.

विंडोज १० आणि ११ मध्ये Shut down आणि Restart या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. Fast Startup ही सोय चालू असेल (आपल्या बहुतेक संगणकांवर ती चालू आहे), तर Shut down केल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि त्याबरोबरचे ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर साठवून ठेवले जातात. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं की तीच साठवलेली अवस्था परत उघडते. नवा ड्रायव्हर चढायची वेळच येत नाही. Restart केल्यावर मात्र सगळं कोऱ्या पाटीवर सुरू होतं. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी Shut down करून घरी गेलेल्यांचे संगणक आज सकाळी व्यवस्थित उघडले. ते बरे झालेले आहेत असं नाही. पहिल्या Restart ला ते अडकू शकतात.

कारखान्यातल्या डिस्पॅचचे संगणक आधी का पडले, हेही यावरूनच कळतं. ते रात्रपाळीत चालूच असतात. रविवारी दुपारी लाइट गेली, यूपीएस उतरला आणि चालू संगणक एकदम बंद झाले. अशा वेळी साठवलेली अवस्था नसते, म्हणून लाइट आल्यावर ते पूर्णपणे नव्याने सुरू झाले आणि दोन्ही ड्रायव्हर एकत्र चढले. ऑफिसमध्ये आज दुपारी लाइट गेली तर इथेही तेच होईल.

तुमचा संगणक कोणत्या गटात आहे हे दोन मिनिटांत कळतं. आधी घड्याळाजवळच्या ढालीच्या चिन्हावर उजवी क्लिक करून About उघडा. तिथे आवृत्ती ६ दिसत असेल तर Ctrl+Shift+Esc दाबा, Performance मध्ये CPU निवडा आणि खाली Up time लिहिलेलं असतं तो आकडा बघा. तो दिवस, तास, मिनिटं, सेकंद अशा क्रमाने असतो. शेवटचा खरा Restart झाल्यापासून किती वेळ गेला ते त्यात कळतं, आणि Fast Startup असताना Shut down केल्याने तो शून्यावर येत नाही. शनिवारी ५ वाजल्यापासून आज दुपारी १२ पर्यंत ४३ तास होतात, म्हणजे 1:19:00:00. तुम्ही १२ नंतर बघत असाल तर तेवढे तास वाढवा. तुमचा आकडा यापेक्षा लहान असेल, तर संगणक नवी आवृत्ती बसल्यानंतर एकदा पूर्ण सुरू होऊन तग धरून आहे. त्याला घाई नाही. आकडा मोठा असेल, समजा 4:02:15:40, तर तो अजून एकदाही खऱ्या अर्थाने सुरू झालेला नाही. असा संगणक चालू ठेवा, नेटवर्कची केबल किंवा ऑफिसचं वायफाय जोडलेलं ठेवा आणि About मध्ये ६ जाऊन ५ येईपर्यंत थांबा. तोवर हातातली कामं सेव्ह करत राहा.

About मध्ये सुरुवातीलाच ५ दिसला आणि तुमचा संगणक शनिवारी दुपारी नेटवर्कवरच नव्हता, तर नवी आवृत्ती तुमच्यापर्यंत आलीच नाही. तुम्हाला काही करायचं नाही. शनिवारी तो नेटवर्कवर होता आणि आता ५ दिसतो आहे, तर आवृत्ती परत आली आहे. मेलच्या शेवटी सांगितलेला Restart तुम्हाला करावा लागेल.

आता ज्यांचे संगणक अडकले आहेत त्यांच्यासाठी. सलग दोनदा सुरू होताना कोसळला की तिसऱ्या वेळी विंडोज स्वतःहून दुरुस्तीचा निळा मेनू दाखवते. तिथे Startup Repair दाबलंत तर नुकसान नाही, पण या बिघाडात उपयोगही नाही. Reset this PC मात्र अजिबात दाबू नका. त्यातला Keep my files हा पर्याय वाचायला सुरक्षित वाटतो आणि फाइली ठेवतोही, पण बसवलेले सगळे प्रोग्राम काढून टाकतो. डिस्पॅचच्या लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर, अकाउंट्समधलं डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, डिझाइन विभागाचे प्रोग्राम, सगळं पुन्हा बसवावं लागेल. एरवी अर्ध्या तासाच्या आत होणाऱ्या कामाला मग अख्खा दिवस लागतो.

फाइलींची काळजी करू नका. डिस्कला काहीही झालेलं नाही, फक्त विंडोज तिथपर्यंत पोहोचत नाही. मेल सर्व्हरवर आहेत, दुसऱ्या चालू संगणकाच्या ब्राउझरमधून उघडतील. गाडी भरून उभी असेल तर ई-वे बिलही शेजारच्या संगणकावरून पोर्टलवर करता येतं, फक्त ओटीपी ज्यांच्या मोबाइलवर येतो ते जवळ हवेत.

आमचा माणूस टेबलाशी येण्याआधी तीन गोष्टी तयार असतील तर प्रत्येक संगणकामागे बराच वेळ वाचतो. संगणकाच्या खाली किंवा मागे चिकटवलेल्या स्टिकरवरचा नंबर लिहून ठेवा. आत्ता स्क्रीनवर जे काही दिसतंय त्याचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा. आणि स्क्रीनवर रिकव्हरी की मागितली असेल, तर तिथल्या Key ID ची पहिली आठ अक्षरं लिहा.

ही की मागितली जाते कारण आपल्या डिस्क कुलूपबंद आहेत आणि सेफ मोडमध्ये जाण्याआधी विंडोज खात्री करून घेते. ID शोधण्यासाठी असतो, की वेगळी असते. ID मध्ये ० ते ९ हे आकडे आणि A ते F हीच अक्षरं येतात. त्यामुळे इंग्रजी O दिसला असं वाटलं तर तो शून्य किंवा D आहे, आणि B व 8 मध्ये नीट बघा. कारखान्यात डिस्पॅचच्या एका संगणकाचा ID आज फोनवर नुसता वाचून दाखवला गेला, D च्या जागी शून्य ऐकलं गेलं आणि यादीत तो सापडेना. फोटो आल्यावर लगेच सापडला.

की स्वतः ४८ आकडी असते, सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत. ती आम्ही फोनवर सांगतो, तुम्ही टाइप करता. गट-गट करून टाइप करा आणि प्रत्येक गट आम्हाला परत वाचून दाखवा. त्यामागे कारण आहे. प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. उदाहरणार्थ 123453 ला जातो, पण शेजारचे दोन आकडे उलटे पडून 123543 झाला की जात नाही. त्याच डिस्पॅचच्या संगणकाने की नाकारली तेव्हा परत वाचून घेतलेल्या गटांना आम्ही ११ ने भागून बघितलं आणि तिसरा गट चुकलाय हे सापडलं. तेवढाच बदलला, कुलूप उघडलं. कीबोर्डवरचे आकडे चालत नसतील तर F1 ते F9 आणि शून्यासाठी F10 वापरता येतात.

पुढचं काम आमच्या माणसाचं. तो Startup Settings मधून 4 दाबून सेफ मोडमध्ये जातो, स्वतःच्या खात्याने लॉगिन करतो, उरलेला जुना आणि नवा असे दोन्ही ड्रायव्हर बाजूला करतो, संगणक नेहमीसारखा सुरू करतो आणि ५ नंबर नव्याने बसवतो. स्क्रीनच्या कोपऱ्यांत Safe Mode लिहिलेलं असताना काम सुरू करू नका, त्या अवस्थेत नेटवर्क नसतं. संगणक परत आल्यावर एक्सेल उघडलंत आणि डाव्या बाजूला Document Recovery ची यादी आली, तर ती घाईने बंद करू नका. एक्सेल मुळात दर १० मिनिटांनी प्रत साठवतं, तीच तिथे असते. उघडून बघा आणि वेगळ्या नावाने सेव्ह करा.

अशा गोंधळात फसवे फोनही येतात, २०२४ मध्येही दुरुस्तीच्या नावाखाली खोट्या फाइली पसरवल्या गेल्या होत्या. हेल्पडेस्क तुमचा पासवर्ड किंवा ओटीपी मागणार नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणतीही दुरुस्तीची फाइल पाठवणार नाही. रिकव्हरी की ग्रुपवर टाकू नका, वहीत लिहू नका. काम झाल्यावर ती आम्ही बदलतो.

क्रम असा ठेवला आहे: आधी डिस्पॅच आणि गोडाऊन, मग अकाउंट्स, मग बाकीचे. अकाउंट्समध्ये ज्या संगणकावर डिजिटल सही होते त्याचा स्टिकर नंबर आधी कळवा, तो पुढे घेऊ.

आणि ज्यांच्याकडे About मध्ये ६ जाऊन ५ आला आहे त्यांनी सगळं सेव्ह करून, चार्जर किंवा यूपीएस बघून, एकदा Restart करायचा आहे. Shut down करून परत चालू केलं तर तो Restart धरला जाणार नाही. सुरू झाल्यावर Up time काही मिनिटांवर आलेला दिसला की त्याचा फोटो स्टिकर नंबरासह याच मेलला उत्तर म्हणून पाठवा, म्हणजे तुमचा संगणक यादीतून कमी करता येईल.

आयटी हेल्पडेस्क
सोलापूर